मैत्रिणीवर कमेंट्सचा मारा होत असताना लिहायचे एक उत्तर

गेल्या चवथीच्या तिसऱ्या दिवशी माझ्या एका मैत्रिणीने गावच्या फेसबुक ग्रुपवर घरातल्या जुन्या घुमटाचे, म्हणजे आरतीला वाजवतात त्या कातड्याने मढवलेल्या मातीच्या वाद्याचे, छायाचित्र टाकले आणि खाली लिहिले, 'हा आजोबांचा घुमट. घोरपडीच्या कातड्याचा हा नाद बकऱ्याच्या कातड्याला काही केल्या येत नाही. आता असा घुमट पुन्हा मिळणार नाही याचे वाईट वाटते.' ती फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत संगीत शिकवते आणि नादाविषयी ती असेच हळहळून बोलते, हे ओळखीच्यांना ठाऊक आहे. ग्रुपवर मात्र ओळखीचे थोडे आणि नुसते वाचणारे पुष्कळ असतात. रात्री साडेनऊला वाड्यावरच्या आरत्या आटोपून मी फोन पाहिला, तेव्हा त्या छायाचित्राखाली 70 च्या वर कमेंट्स जमल्या होत्या. पहिल्या दहाबारा कमेंट्स घोरपडीविषयी आणि कायद्याविषयी होत्या, पुढच्या तिच्याविषयी होत्या, आणि शेवटच्या काहींत तिच्या घरच्यांची नावे येऊ लागली होती.

मित्राची बाजू शंभर टक्के खरी असेल तर उत्तर लिहिणे फारसे अवघड नसते. अवघड प्रसंग हा असा असतो, ज्यात मित्राचे थोडे चुकलेले असते, टीका करणाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे रास्त असते, आणि त्या रास्त टीकेच्या आडोशाने बाकीचे हात धुऊन घेत असतात. म्हणून याच एका प्रसंगात काय केले आणि काय करता करता थांबले, ते क्रमाने सांगते.

लिहिण्याआधी फोन

पहिले काम म्हणजे मैत्रिणीला फोन करणे, आणि तो फोनच हवा, मेसेज नव्हे. मारा सुरू असताना तिचा फोन दर मिनिटाला वाजत असतो आणि त्या गर्दीत आपला मेसेजही आणखी एक टोचणी ठरतो. शिवाय मेसेजवर 'मी ठीक आहे' असे कोणीही लिहू शकते. आवाजावरून खरे काय ते कळते. मी फोन केला तेव्हा ती पहिल्यांदा एवढेच म्हणाली, "तूं कांय बरोव नाका गे." आम्ही बोलतो कोंकणीतून आणि लिहितो मराठीतून, तेव्हा हे वाक्य तसेच ठेवते; तू काही लिहू नकोस, असा त्याचा अर्थ. नकार मिळाला की तिथेच थांबायचे असते, कारण अब्रू तिची असते आणि आपल्या उत्तराचे परिणामही तीच भोगते. मी वाद घातला नाही. मात्र तीन गोष्टी विचारल्या: जे लिहिलेस त्यातले काही आता तुलाच खटकते का, तू स्वतः काही लिहिणार आहेस का, आणि आतापर्यंत कोणाच्या कमेंटला उत्तर दिले आहेस का.

तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यावर पुष्कळ अवलंबून असते. मित्राने रागाच्या भरात आधीच दोन उत्तरे देऊन ती पुसली असतील, तर कोणाकडे तरी त्यांचे स्क्रीनशॉट असणारच, आणि आपण 'ती काहीच बोलली नाही' असे लिहून बसलो की पुढच्या पाच मिनिटांत तोंडघशी पडतो. माझ्या मैत्रिणीने काही लिहिले नव्हते. पहिल्या प्रश्नावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की 'पुन्हा मिळणार नाही याचे वाईट वाटते' हे शब्द चुकीचेच पडले. घोरपडी मारल्या जाव्यात असे तिला मुळीच वाटत नाही, शाळेतल्या मुलांना तर ती बकऱ्याच्याच कातड्याचा घुमट देते. हे ती स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिणार होती. रात्रीपुरते मी काही लिहावे का, असे पुन्हा विचारल्यावर ती म्हणाली, "पयलीं म्हाका वाचून दाखय."

सगळ्या कमेंट्स वाचणे

दुसरे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. फेसबुकवर कमेंट्स आपोआप 'Most relevant' या क्रमाने दिसतात, म्हणजे ज्यांवर जास्त प्रतिक्रिया आल्या त्या वर येतात. आणि जास्त प्रतिक्रिया बहुधा सर्वांत झोंबऱ्या कमेंटवर असतात. तो क्रम बदलून 'All comments' करावा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे, कमेंटखाली दडलेली उत्तरेही उघडून पाहावीत. असे वाचल्यावर दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे मारा वाटतो तेवढ्या लोकांचा नसतो. आमच्या त्या 70 कमेंट्समधल्या जवळजवळ निम्म्या चारच जणांच्या होत्या. दुसरे म्हणजे घसरण नेमकी कुठे झाली ते सापडते. आमच्याकडे ती एका प्रश्नापाशी झाली होती: 'शिक्षिका असून मुलांना हेच शिकवते काय?' इथपर्यंत सगळे घुमटाविषयी बोलत होते आणि इथून पुढे तिच्याविषयी.

वाचता वाचता मी मनाशी तीन वाटे केले. पहिला वाटा बरोबर सांगणाऱ्यांचा. घोरपड ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिची शिकार आणि तिच्या कातड्याचा व्यापार हा गुन्हा आहे, आणि म्हणूनच घुमट आता बकऱ्याच्या कातड्याने मढवतात, हे ज्यांनी लिहिले त्यांचे काहीही चुकले नव्हते. दुसरा वाटा रागावलेल्यांचा, ज्यांना मुद्दा कळलेला असतो पण शब्द आवरत नाहीत. तिसरा वाटा मजा घेणाऱ्यांचा. त्यांना ना घोरपडीचे पडलेले असते ना घुमटाचे. उत्तर लिहायचे ते पहिल्या वाट्याचे नाव घेऊन, दुसऱ्या वाट्याने वाचावे म्हणून. तिसऱ्याचा उल्लेखसुद्धा करायचा नसतो, कारण उल्लेख हेच त्यांचे खाद्य असते.

याच वेळी वैयक्तिक कमेंट्सचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत, आणि त्यांत लिहिणाऱ्याचे नाव व वेळ दिसेल असे पाहावे. ते कोणाला पाठवायचे नाहीत, फक्त जपून ठेवायचे. कमेंट्समध्ये धमकी असेल, घराचा पत्ता किंवा फोन नंबर टाकलेला असेल, मुलांची छायाचित्रे असतील, तर हा सगळा लेख बाजूला ठेवावा. तिथे गोड शब्दांचे उत्तर कामाचे नाही; ती कमेंट फेसबुकला कळवावी, ग्रुपच्या ॲडमिनला सांगून त्या छायाचित्राखालच्या कमेंट्स बंद करून घ्याव्यात आणि स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात जावे किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी.

पहिला मसुदा, जो पाठवायचा नसतो

तिसरे काम उत्तराचा मसुदा, आणि तो फेसबुकच्या चौकटीत कधीही लिहू नये, कारण तिथे बोट चुकले की मसुदा जगजाहीर होतो. फोनमधल्या नोट्समध्ये लिहावा. रात्री दहाला मी लिहिलेला पहिला मसुदा असा होता:

'एका घुमटाच्या फोटोवरून इतका गहजब करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या घरात डोकावून पाहावे. वाड्यावरच्या अर्ध्या घरांत असे जुने घुमट टांगलेले आहेत. ती मुलांना किती मन लावून शिकवते हे तुम्हाला माहीत तरी आहे का? कायदाच शिकवायचा असेल तर खाणवाल्यांना जाऊन शिकवा.'

लिहिताना फार बरे वाटले, हे कबूल करते. आता त्याच्याकडे थंड डोक्याने पाहू. 'गहजब करणाऱ्यांनी' या एका शब्दाने बरोबर सांगणारे आणि मजा घेणारे एकाच टोपलीत गेले, म्हणजे जे आपल्या बाजूला येऊ शकले असते तेही दुरावले. दुसरे वाक्य तर धोक्याचे आहे, कारण त्यात मी अर्ध्या वाड्यावर जाहीरपणे बेकायदा वस्तू बाळगल्याचा आरोप केला, आणि मैत्रिणीच्या घरातल्या घुमटाविषयी न मागितलेली साक्षही देऊन टाकली. जुनी वस्तू घरात असणे कायद्यात कसे बसते हा वकिलाला विचारायचा प्रश्न आहे. बाजू घेण्याच्या भरात 'तो 50 वर्षांपूर्वीचा आहे' किंवा 'त्याला काही होत नाही' असे कमेंटमध्ये लिहिणे म्हणजे मदत नव्हे. तिसऱ्या वाक्यात मी तिची शाळा मध्ये आणली. शाळा हल्लेखोरांनी काढलेली होती. आपण तिची स्तुती करण्यासाठी जरी तोच विषय उचलला, तरी पुढच्या 20 कमेंट्स शाळेविषयीच होणार. आणि खाणी! गोव्यात कुठल्याही वादात खाणी आणल्या की मूळ विषय हरवतो, आणि तो हरवावा अशीच आपली इच्छा आहे हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

मग मी उलट टोकाला गेले: 'कृपया सर्वांनी शांत राहावे. प्रत्येकाचे आपापले मत असते. तिचा हेतू वाईट नव्हता. चवथीच्या दिवसांत वाद नकोत.' हा मसुदा सभ्य दिसतो, पण पहिल्याइतकाच निकामी आहे. घोरपड संरक्षित आहे हे कोणाचे 'मत' नाही, तेव्हा ज्याने कायदा सांगितला त्याला हे वाक्य झटकून टाकल्यासारखे लागणार. 'शांत राहावे' हे ऐकून आजवर कोणी शांत झालेले मी तरी पाहिलेले नाही. आणि 'हेतू' या शब्दाची गंमत अशी की तो उच्चारला की हेतूवरच चर्चा सुरू होते. त्यापेक्षा ती काय म्हणते आणि काय करते हे सांगावे, कारण ते पडताळून पाहता येते.

पाठवलेले उत्तर

शेवटी चार वाक्ये उरली. फोनवर तिला वाचून दाखवली, तिने एक शब्द बदलायला लावला, आणि मग ती अशी झाली:

'घोरपड 1972 च्या कायद्याखाली संरक्षित आहे हे वर काकांनी लिहिले ते बरोबर आहे, आणि घुमट आता बकऱ्याच्या कातड्याचाच मढवायला हवा याबद्दल तिचेही दुमत नाही, तसे तिने मला आत्ताच फोनवर सांगितले. तिच्या वाक्याचा वेगळा अर्थ निघतो हे तिच्याही लक्षात आले आहे आणि त्याविषयी ती उद्या सकाळी स्वतः लिहिणार आहे. मात्र वर काही ठिकाणी तिच्याविषयी आणि घरच्यांविषयी जे वैयक्तिक लिहिले गेले आहे त्याचा घुमटाशी संबंध नाही, आणि ते इथे नसावे असे मला वाटते. बकऱ्याचे कातडे ताणून चांगला नाद काढणारे कोणी कारागीर माहीत असतील तर कृपया इथे सांगावे, आम्हाला खरोखरच हवे आहेत.'

पहिले वाक्य मान्य करण्याचे आहे, आणि ते पहिलेच असावे लागते. ते तिसऱ्या जागी टाकले तर नाइलाजाने कबूल केल्यासारखे वाचले जाते. 'काकांनी' म्हणजे गावातल्या भजनमंडळातले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत नेमके लिहिले होते. त्यांना योग्य तो मान दिल्यावर त्यांच्या मागे उभे राहून ओरडणाऱ्यांची पंचाईत होते. 'तसे तिने मला सांगितले' हा तुकडा मी मुद्दाम ठेवला, कारण मी तिच्या मनातले सांगत नसून ऐकलेले सांगते आहे हे त्यातून स्पष्ट होते.

दुसऱ्या वाक्यात मी आधी 'तिची चूक झाली' असे लिहिले होते. तिने तेच बदलायला लावले. ती म्हणाली, चूक मी कबूल करीन, तू नको. तिचे म्हणणे अगदी रास्त होते: माफी आणि कबुली या दोन गोष्टी मित्राच्या वतीने कधीही देऊ नयेत, कारण मग त्याच्या स्वतःच्या कबुलीला काही किंमत उरत नाही. बाजू घेणाऱ्याने फक्त एवढे सांगावे की ती बोलणार आहे आणि केव्हा बोलणार आहे. 'उद्या सकाळी' हे शब्द तसे साधे, पण त्यांनी पुष्कळांना रात्रभर वाट पाहायला लावली.

तिसरे वाक्य या उत्तराचा कणा आहे आणि त्यात कर्मणी प्रयोग आपल्या मदतीला येतो. 'लिहिले गेले आहे' म्हटल्यावर बोट कोणाकडेही रोखले जात नाही. ज्याने लिहिले त्याला ते समजते आणि त्याला गुपचूप कमेंट पुसायला वाव राहतो. नाव घेतले असते तर तो पुसण्याऐवजी लढला असता. त्या वैयक्तिक कमेंट्समध्ये काय होते याचा मी पुनरुच्चार केला नाही, हेही महत्त्वाचे. आरोप खोडण्यासाठी उच्चारला तरी तो एकदा अधिक वाचला जातो. वाक्याच्या सुरुवातीला 'पण' न घेता 'मात्र' घेतले, कारण आधीच्या कबुलीनंतर 'पण' आला की वाचणारा ती कबुली रद्द झाल्याचे धरून चालतो. ही माझी समजूत आहे, व्याकरणाचा नियम नव्हे.

चौथे वाक्य विनंतीचे आहे आणि ती खरी असावी लागते. लोकांना कमेंट लिहायचीच असते. त्यांच्या हाताला घुमटाविषयीचे काहीतरी दिले तर ते तिकडे वळतात. प्रश्न नुसता दाखवण्यापुरता असेल तर ते लगेच ओळखू येते. आम्हाला शाळेसाठी दोन घुमट मढवून घ्यायचेच होते.

कुठे आणि कोणत्या भाषेत

उत्तर एखाद्या कमेंटच्या खाली न टाकता स्वतंत्र कमेंट म्हणून टाकले. झोंबऱ्या कमेंटखाली उत्तर दिले की त्या कमेंटचे वजन वाढते आणि ती आणखी वर चढते. शिवाय ते एका माणसाशी भांडण दिसते. वेळ रात्री अकराच्या सुमाराची होती. सकाळपर्यंत थांबावे असे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि राग शांत झालेला नसेल तर ते खरेही आहे. पण तोवर एकही वेगळा आवाज उमटला नाही, तर गप्प बसलेल्या वाचणाऱ्यांना वाटते की सगळ्या गावाचे मत एकच आहे. तेव्हा मसुदा तिसऱ्यांदा वाचूनही बदलावासा वाटला नाही की पाठवावा.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच असतो. त्या कमेंट्स मराठीत, देवनागरी कोंकणीत आणि रोमी लिपीत अशा तिन्ही तऱ्हांनी होत्या. मूळ मजकूर मराठीत होता म्हणून मी मराठीतच उत्तर दिले आणि कोणाच्या लिपीवर किंवा शुद्धलेखनावर चकार शब्द काढला नाही. मराठी की कोंकणी आणि कोणती लिपी, हा 1987 च्या राजभाषा कायद्याच्याही आधीपासूनचा वाद गावच्या प्रत्येक ग्रुपमध्ये राखेखाली धुमसत असतो, आणि एका टोमण्याने घुमटाचे भांडण भाषेचे होऊन बसते.

पाठवल्यानंतर

उत्तर टाकल्यावर फोन उलटा ठेवावा आणि निदान तासभर पाहू नये. नंतर पाहताना काय शोधायचे ते सांगते. नव्या कमेंट्समध्ये तिच्या नावाऐवजी कातडे, कुंभार किंवा घुमटाच्या साथीची वाद्ये शामेळ, कासाळे असे शब्द येऊ लागले तर उत्तर लागू पडले. तिच्या नावाच्या जागी आपले नाव येऊ लागले तर आपण भांडणाचा दुसरा फड उभा केला, आणि तिथून पुढे लिहिलेला प्रत्येक शब्द त्या फडाला बळ देतो. त्यामुळे एकदाच लिहायचे हा निर्बंध स्वतःवर घालावा. अपवाद फक्त खऱ्या प्रश्नाचा. मला एकाने 'वकिली करायला किती घेतलेस?' असे विचारले. तो प्रश्न नव्हता, म्हणून त्याला उत्तरही नव्हते. आपल्याच लिखाणात चूक सापडली तर मात्र ती दुरुस्त करून खाली 'दुरुस्ती केली आहे' असे लिहावे, कारण बदललेल्या कमेंटचा आधीचा मजकूर फेसबुकवर इतरांना उघडून पाहता येतो.

एक मोह कटाक्षाने टाळला. आमच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सगळ्यांनी जाऊन तिच्या बाजूने लिहा' असे कोणीतरी सुचवले होते. अर्ध्या तासात एकाच घाटाच्या 15 कमेंट्स आल्या की तो पाठिंबा न दिसता उलटा मारा दिसतो, आणि पहिल्या वाट्यातले समंजस लोकही मग पलीकडे जाऊन बसतात. त्याऐवजी दोघींनी तिच्या घरी जेवण पोहोचवले आणि तिचा फोन रात्रभर दुसऱ्या खोलीत ठेवला.

सर्वांत जास्त उपयोग ज्याचा झाला ते काम कमेंट्सच्या बाहेरचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना फोन केला, "काका, तुम्ही लिहिलात ते बरोबरच होते, पण खाली मुलांनी तिच्या घरच्यांपर्यंत मजल मारली, ते तुम्ही पाहिलात का?" त्यांनी पाहिले नव्हते, आपली एक कमेंट टाकून ते आरतीला निघून गेले होते. गावात ही सोय असते की मारा करणाऱ्यांपैकी निदान एकाला आपण काका किंवा मामा म्हणत असतो. फोनवर मी त्यांना काही लिहा असे सांगितले नाही. नऊच्या सुमाराला तिने स्वतः तीन ओळी लिहिल्या, त्यांत 'माझे शब्द चुकले' असे स्पष्ट होते, आणि त्याखाली काकांनी डिचोलीच्या एका कुंभाराचा ठावठिकाणा लिहिला. कातडे उन्हात किती वाळवावे यावर दुपारपर्यंत दोघांत मतभेद चालू होता.

वैयक्तिक कमेंट्सपैकी बऱ्याच पुसल्या गेल्या, दोन तशाच राहिल्या. त्या लिहिणाऱ्यांपैकी एक जण पाचव्या दिवशी विसर्जनाला आमच्याच रांगेत होता आणि त्याने मान वळवली. स्क्रीनशॉट माझ्याकडे अजून आहेत.